तीन वास्तव मुळं आणि कोसाइनवरचा आळ

«घन समीकरणाची तिन्ही मुळं वास्तव असली की कार्डानोचं सूत्र फसतं, कारण वर्गमुळात ऋण संख्या येते. मग लोक कोसाइन लावतात, पण ते कॅल्क्युलेटरवरचं अंदाजे उत्तर. खरं अचूक उत्तर हवं असेल तर नेटाने सोपं रूप देत जा, i उडून जातो आणि साधी मुळं उरतात.»

सूत्र फसत नाही. इटालियन गणिती बोंबेल्लीने १५७२ मध्येच हे दाखवलं. त्याचं समीकरण x³ = 15x + 4. सूत्रात 2 + √(−121), म्हणजे 2 + 11i, आणि 2 − 11i यांची घनमुळं येतात. आता (2 + i)³ सोडवून पाहा, बरोबर 2 + 11i मिळतात. म्हणजे घनमुळं 2 + i आणि 2 − i, बेरीज 4. आणि 4 हे खरोखरच मूळ आहे. वाट संमिश्र संख्यांतून गेली, एवढंच.

अडचण आहे ती पुढे. 2 + i हे घनमूळ बोंबेल्लीला सुचलं, कारण आकडे सोयीचे होते. एरवी a + bi चं घनमूळ हातात येत नाही. मग त्याचं शून्यापासूनचं अंतर आणि कोन वेगळे करायचे: अंतराचं घनमूळ घ्यायचं, कोनाला तीनने भागायचं. 2 + i आणि 2 − i यांसारख्या जोडीची बेरीज केली की i जातो आणि कोसाइन उरतो. म्हणजे कोसाइनची रीत कार्डानोच्या सूत्राला पर्याय नाहीच, ते तेच सूत्र आहे. फ्रेंच गणिती व्हिएतने मात्र संमिश्र संख्यांना हात न लावता, कोनाचे तीन भाग करण्याच्या सूत्रावरून ती मांडली होती.

एक उदाहरण पूर्ण करू.

x³ − 6x² + 9x − 1 = 0

आधी वर्गाचं पद घालवायचं. x = t + 2 ठेवलं की उरतं

t³ − 3t + 1 = 0

आता t = 2cos θ. मग 8cos³θ − 6cos θ + 1 = 0. पण 4cos³θ − 3cos θ म्हणजे cos 3θ, म्हणून 2cos 3θ + 1 = 0, म्हणजे cos 3θ = −1/2. इथे 3θ = 120°, आणि प्रत्येक वेळी ३६०° मिळवत 480° व 840°. तीनने भागा: θ = 40°, 160°, 280°. तेव्हा मुळं अशी:

x = 2 + 2cos 40°, 2 + 2cos 160°, 2 + 2cos 280°

आतापर्यंत कॅल्क्युलेटर लागलेला नाही. 2cos 40° हे t च्या समीकरणात घातलं तर उत्तर शून्य येतं, शून्याच्या जवळपास नव्हे. दशांशात 3.532, 0.121, 2.347 लिहिलं तर ते अंदाजे, पण ∛2 ला 1.26 लिहिणंही तसंच अंदाजे. ∛2 अचूक आणि cos 40° अंदाजे, हा भेद निव्वळ सवयीचा आहे.

हमखास चूक होते ती ३६०° मिळवताना. काहीजण 3θ मध्येच १२०° मिळवतात आणि θ = 40°, 80°, 120° घेतात. या उदाहरणात गंमत अशी, की ८०° वरचं मूळ योगायोगाने बरोबर निघतं (कारण cos 280° = cos 80°), त्यामुळे चूक लपते. पण 2cos 120° = −1, आणि t = −1 घातलं तर 3 उरतात. पडताळा सोपा आहे: t² चं पद नाही, म्हणजे तिन्ही t ची बेरीज शून्यच यायला हवी. इथे ती 0.879 येते.

राहिला «नेटाने सोपं रूप देण्याचा» सल्ला. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यावर माणसं वह्याच्या वह्या भरतात. सहगुणक परिमेय असतील, एकही मूळ परिमेय नसेल आणि तिन्ही मुळं वास्तव असतील, तर ती मुळं फक्त वास्तव संख्यांची वर्गमुळं-घनमुळं वापरून लिहिताच येत नाहीत. हे वांट्झेलने १८४३ मध्ये सिद्ध केलं. t³ − 3t + 1 त्यातलंच: परिमेय मूळ असतं तर ते 1 किंवा −1 असतं, आणि दोन्ही चालत नाहीत. इथे i उडवायला गेलात तर शेवटी cos 40° साठी पुन्हा हेच घन समीकरण समोर येतं. बोंबेल्लीच्या समीकरणात i गेला, कारण 4 हे मूळ आधीपासून परिमेय होतं; बाकीची −2 ± √3 ही अवयव पाडूनच निघतात. म्हणून कोसाइनकडे वळण्याआधी परिमेय मूळ आहे का, हे तपासणं एवढीच मेहनत खरी कामाची.

कोसाइनची खरी कमजोरी फक्त आकडेमोडीत आहे. दोन मुळं जवळजवळ सारखी असली की cos 3θ ची किंमत 1 किंवा −1 ला टेकते. संगणकाच्या अंदाजे आकडेमोडीत ती 1.0000000000000002 झाली, की कोसाइनवरून कोन काढणारं, वास्तव संख्यांवर चालणारं acos उत्तरच देत नाही. ती किंमत 1 वर आणून ठेवली की काम भागतं, पण जवळच्या दोन मुळांचे शेवटचे काही अंक मात्र विश्वासाचे राहत नाहीत.