एमआरपीपेक्षा कमी, पण शेल्फवरच्या पट्टीपेक्षा जास्त

सुपरमार्केटमध्ये शेल्फवर एक किंमत होती आणि बिलात दुसरीच लागली, अशी तक्रार केली की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "एमआरपीपेक्षा जास्त घेतले का?" तसे घेतलेले नसतात, त्यामुळे विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, असे माझे मत आहे. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे आणि मोठ्या दुकानांतला बहुतेक पॅकबंद माल त्या मर्यादेच्या खालीच विकला जातो. ग्राहक तिथे जातो तोच मुळी सवलतीच्या किमतीसाठी. म्हणजे ज्या किमतीवर विसंबून त्याने वस्तू उचलली ती शेल्फवरच्या पट्टीवरची असते, आणि तिच्याबाबत फसगत झाली तर पाकिटावरची एमआरपी त्याच्या काहीही कामाची नसते.

आधी कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पॅकबंद वस्तूवर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि नियम १८ प्रमाणे कोणत्याही किरकोळ विक्रेत्याला त्याहून अधिक किंमत आकारता येत नाही. छापील किंमत खोडणे, पुसट करणे किंवा बदलणे यालाही मनाई आहे. हे सारे त्या विशिष्ट पाकिटाला लागू आहे, त्याच कंपनीच्या त्याच वस्तूच्या नंतर आलेल्या पाकिटाला नव्हे. तुमच्या हातातल्या पाकिटावर २५० छापले असेल, तर मागच्या रांगेतल्या नव्या पाकिटावर २६५ असले तरी तुमच्या पाकिटाची मर्यादा २५०च राहते. पुढचा सगळा घोळ याच मुद्द्यावर होतो, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता काउंटरवर काय होते ते पाहू. बारकोडमध्ये किंमत असते असा पुष्कळांचा समज आहे. नेहमीच्या तेरा आकडी बारकोडमध्ये फक्त वस्तूची ओळख असते. आपल्याकडे नोंदवलेल्या बहुतेक मालावर तो ८९० ने सुरू होतो. (दुकानातच वजन करून ज्यावर चिकटपट्टी लावतात त्या मालाची गोष्ट वेगळी, तिथे वजन किंवा रक्कम कोडमध्येच भरलेली असू शकते.) स्कॅनरने 'टिक' केले की तो क्रमांक दुकानाच्या संगणकातल्या किमतींच्या यादीत शोधला जातो आणि तिथे जे लिहिले असेल ते बिलात उतरते. पाकिटावर छापलेला आकडा स्कॅनर वाचतच नाही. कंपनीने एमआरपी वाढवली तरी बारकोड सहसा तोच राहतो, आणि त्यामुळे एकाच बारकोडखाली जुन्या व नव्या एमआरपीचा माल एकाच वेळी शेल्फवर असू शकतो.

चांगल्या प्रणालीत अशा वेळी पडद्यावर एमआरपींची यादी उघडते आणि कॅशियरने पाकीट पाहून योग्य ओळ निवडायची असते. गर्दीच्या वेळी मागे आठ-दहा जण उभे असताना पाकीट उलटून बारीक छपाई वाचायला कोणाला सवड असते? वरची ओळ दाबली जाते. साध्या प्रणालीत तर यादीही येत नाही; नवा माल आत घेताना नोंदवलेली एमआरपी जुनीच्या जागी बसते आणि सगळ्या पाकिटांना तीच लागते. त्यातच जुना माल आधी संपावा म्हणून कर्मचारी तो पुढे लावतात. ग्राहक समोरचे, म्हणजे जुन्या एमआरपीचे पाकीट उचलतो आणि बिल मागच्या पाकिटाचे होते.

माझ्या बाबतीत हेच घडले. कपडे धुण्याच्या पावडरची एक किलोची पिशवी होती. तिच्यावर एमआरपी २५० रुपये छापलेली, शेल्फच्या पट्टीवरही एमआरपी २५०, सूट १५ टक्के आणि किंमत २१२.५० असे स्पष्ट लिहिलेले. बिलात किंमत लागली २२५.२५. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले, "मॅडम, सिस्टीममध्ये हीच येते, आणि तुम्हाला डिस्काउंट मिळालाय ना?" ती म्हणत होती ते खरेच होते. संगणकाने नवी एमआरपी २६५ धरली होती, तिच्यावर १५ टक्के म्हणजे ३९.७५ सूट दिली होती आणि उरलेले २२५.२५ मागितले होते. सूट अगदी बरोबर, फक्त ती चुकीच्या आकड्यावर.

आता बिलाच्या तळाशी छापलेली 'तुमची बचत' ही ओळ पाहा. पट्टीप्रमाणे बिल झाले असते तर माझी बचत ३७.५० झाली असती. प्रत्यक्षात मी पिशवीमागे १२.७५ जास्त मोजणार होते आणि बिल मात्र ३९.७५ बचत दाखवत होते. म्हणजे किंमत वाढली तशी बचतही वाढली! हातातल्या पिशवीच्या २५० या छापील किमतीशी तुलना केली तर खरी बचत २४.७५ एवढीच होती. बचतीचा आकडा मोठा दिसला की ग्राहकाचे समाधान होते आणि तो बिलाच्या वरच्या ओळी वाचतच नाही. या ओळीवर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे, कारण झालेली चूक तीच झाकून टाकते.

या उदाहरणात दुकानाने २५० च्या मर्यादेचा भंग केलेला नाही. पण याच चुकीच्या नोंदीवरची सूट उद्या संपली, तर त्याच पिशवीचे थेट २६५ लागतील आणि तो नियमभंग ठरेल. एमआरपी २५० च्या जागी २६५ धरलेली असताना, सूट साधारण पावणेसहा टक्क्यांहून अधिक आहे तोवर अंतिम रक्कम २५० च्या आतच राहते आणि नोंद चुकीची असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे "एमआरपीच्या आत आहे" याचा अर्थ "हिशेब बरोबर आहे" असा होत नाही.

उलट दिशेनेही हे घडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल अशा वस्तूंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. करासह २३६ रुपयांना असलेली वस्तू (मूळ २०० आणि कर ३६) कराच्या हिशेबाने २१० वर यायला हवी, पण कपातीआधीच्या पाकिटावर २३६ छापलेलेच राहते. एमआरपी कमी करताना सुधारित किमतीची चिकटपट्टी लावता येते, मात्र तिने मूळ छपाई झाकायची नसते. अशा वेळी शेल्फवर २१० आणि काउंटरवर २३६ लागले, तर पाकिटाकडे बोट दाखवून "एमआरपी एवढीच आहे" असे सांगणे दुकानाला फार सोपे जाते. तिथेही ग्राहकाने धरून ठेवायची किंमत पट्टीवरचीच आहे.

मग पट्टीवरची किंमत दुकानावर बंधनकारक आहे का? कराराच्या रूढ तत्त्वाप्रमाणे मांडून ठेवलेला माल आणि त्याची लिहिलेली किंमत हे केवळ निमंत्रण मानले जाते. खरेदीचा प्रस्ताव ग्राहक काउंटरवर करतो आणि दुकान तो स्वीकारते. त्यामुळे पैसे देण्याआधी चूक उघड झाली तर "या किमतीला देणार नाही" असे दुकान म्हणू शकते, आणि ग्राहकही वस्तू तिथेच सोडू शकतो. परंतु न सांगता जास्त रक्कम घेणे ही वेगळी बाब आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तक्रारीची जी कारणे दिली आहेत, त्यांत पाकिटावर दाखवलेल्या किमतीहून जास्त घेणे हे तर आहेच, शिवाय उभयपक्षी ठरलेल्या किमतीहून जास्त घेणे हेही आहे. किमतीबाबत लोकांची मोठी दिशाभूल करणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पट्टी एकदा जुनी राहिली तर ती चूक म्हणता येईल. त्याच शाखेत आठवड्यामागून आठवडे तेच होत असेल, तर मी तिला चूक म्हणणार नाही.

दुकाने हे मुद्दाम करतात असा माझा आरोप नाही. सवलत रात्री संपते, संगणकातली किंमत मध्यरात्री बदलते आणि शेकडो पट्ट्या बदलायला माणसे सकाळी येतात, यात काही अंतर पडणारच. माझे म्हणणे एवढेच की त्या अंतराचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? कॅनडात २००२ पासून किरकोळ विक्रेत्यांची एक ऐच्छिक संहिता आहे. तिच्यात सहभागी दुकानात स्कॅनरची किंमत दाखवलेल्या किमतीहून जास्त निघाली, तर ठरावीक मर्यादेतली वस्तू ग्राहकाला फुकट मिळते. आपल्याकडे फुकट नको, पण पट्टी आणि संगणक यांत जी किंमत कमी असेल ती वाद न घालता लावावी, एवढा नियम तरी प्रत्येक दुकानाने काउंटरवर लिहून लावायला हरकत नसावी.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते पैसे देण्याआधीच करण्याजोगे आहे. पट्टीचा फोटो घ्यावा, पण तो घेताना पट्टीवरचे वजन, सवलतीची अखेरची तारीख आणि बारकोडचे शेवटचे आकडे पाकिटाशी जुळवून पाहावेत. कारण अनेकदा पट्टी शेजारच्या ९०० ग्रॅमच्या पाकिटाची निघते आणि आपली तक्रारच फोल ठरते. काउंटरवर नुसते "किंमत चुकली" असे न म्हणता "तुम्ही कोणती एमआरपी धरली आहे?" असे विचारावे. मी तसे विचारले तेव्हा त्या मुलीने पिशवी उलटली, पर्यवेक्षकाला बोलावले, ती ओळ रद्द झाली आणि २५० ची निवडून २१२.५० लागले. फार तर दोन-तीन मिनिटे गेली. पैसे दिल्यानंतर लक्षात आले तर बिल, पाकीट आणि फोटो घेऊन ग्राहक सेवा काउंटरवर फरक मागावा.

तिथे नकार मिळाला तर पुढची वाट रक्कम पाहून ठरते. पाकिटावरच्या एमआरपीहून जास्त घेतले असतील तर ते प्रकरण वैध मापन शास्त्र विभागाचे आहे, आणि पुरावा म्हणून छापील किमतीसह पाकीट व बिल पुरते. एमआरपीच्या आत पण पट्टीहून जास्त असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तिथे पट्टीचा फोटो नसेल तर सांगण्यासारखे आपल्याकडे फारसे काही उरत नाही.