फेब्रुवारीचा दिवस ऑगस्टसने पळवलेला नाही

फेब्रुवारी एवढा तोकडा का, या प्रश्नाला समाजमाध्यमांवर दरवर्षी ठरलेले उत्तर मिळते. ज्युलियस सीझरने ३१ आणि ३० दिवसांचे महिने आलटूनपालटून ठेवले होते व फेब्रुवारीला २९ दिवस दिले होते. पुढे सम्राट ऑगस्टसला आपला महिना सीझरच्या जुलैपेक्षा लहान असणे खपले नाही, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून ऑगस्टला जोडला, अशी ही कथा आहे. ती तेराव्या शतकात साक्रोबोस्को नावाच्या विद्वानाने मांडली आणि आजही आवडीने सांगितली जाते, पण ती खरी नाही. इटलीत अँझिओ येथे भिंतीवर रंगवलेल्या एका रोमन दिनदर्शिकेचे अवशेष सापडले आहेत. ती सीझरच्या सुधारणेपूर्वीची असून तिच्यात प्रत्येक महिन्याखाली दिवसांची संख्या दिलेली आहे, आणि फेब्रुवारीखाली तेव्हाच २८ हा आकडा आहे.

खरे कारण समजण्यासाठी मागे जावे लागते. रोमन परंपरेनुसार रोमचा संस्थापक रोम्युलस याचे वर्ष मार्चपासून सुरू होई आणि दहाच महिन्यांचे, ३०४ दिवसांचे असे. उरलेला हिवाळा कोणत्याही महिन्यात धरला जात नसे. हे वर्णन करणारे लेखक फार नंतरचे असल्याने त्यातील प्रत्येक आकडा इतिहास म्हणून घेता येणार नाही, परंतु मार्चपासून मोजले तरच नावांच्या अर्थाप्रमाणे सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा येतो, हे नाकारता येत नाही. (सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी या नावांचे साम्य आहे ते लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एकाच कुळातील असल्यामुळे, ही नावे संस्कृतातून रोमला गेली, असा त्याचा अर्थ नव्हे.) नूमा राजाने जानेवारी व फेब्रुवारी जोडले, असे परंपरा सांगते.

नंतरच्या रोमन वर्षात ३५५ दिवस होते, आणि महिन्यांच्या असमानतेचे मूळ इथे आहे. रोमन लोक विषम संख्या शुभ मानत, म्हणून मार्च, मे, जुलै व ऑक्टोबर यांना ३१ आणि इतर सात महिन्यांना २९ दिवस मिळाले. परंतु बारा विषम संख्यांची बेरीज नेहमी समच येते. ३५५ साधायचे तर एक महिना सम ठेवणे भाग होते. तो मान शुद्धीकरणाच्या आणि पितरांच्या विधींचा महिना असलेल्या फेब्रुवारीकडे गेला.

सूर्याशी मेळ राखण्यासाठी काही वर्षांत फेब्रुवारी आखडून त्यापुढे २७ दिवसांचा जादा महिना घालत. आपला अधिक महिना सूर्यसंक्रांतीवरून ठरतो. रोममध्ये मात्र निर्णय पुरोहितांच्या हाती होता, आणि ते स्वतः राजकारणात असल्याने मित्राचा कार्यकाल लांबवण्याचा किंवा शत्रूचा आखडण्याचा मोह त्यांना होत असे. हा घोळ इतका वाढला की ऋतूंशी जुळवून घेण्यासाठी सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले.

त्यानंतर त्याने ३५५ दिवसांत दहाची भर घातली. जानेवारी, ऑगस्ट (तेव्हाचा सेक्स्टिलिस) आणि डिसेंबर यांना प्रत्येकी दोन. एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर यांना प्रत्येकी एक. जुने चार मोठे महिने तसेच राहिले आणि फेब्रुवारीच्या विधींना धक्का नको म्हणून त्यालाही हात लावला नाही. म्हणजे मुठीच्या उंचवट्यांवर आपण मोजतो तो क्रम कोणाच्या अहंकारातून आलेला नाही, तो या वाटपातून आला आहे.

याचा आणखी एक पुरावा ‘आयडीज’ या महिन्याच्या मध्यावरील दिवसात आहे. जुन्या चार मोठ्या महिन्यांत तो १५ तारखेला येई, म्हणूनच सीझरच्या हत्येचा ‘मार्चचा आयडीज’ म्हणजे १५ मार्च. इतर महिन्यांत तो १३ तारखेला असे. सुधारणेनंतर जानेवारी, ऑगस्ट आणि डिसेंबर ३१ दिवसांचे झाले, तरी त्यांचा आयडीज १३ तारखेलाच राहिला, कारण नवे दिवस सणवारांच्या तारखा हलू नयेत अशा बेताने महिन्याच्या शेवटाकडे घातले गेले. सगळे महिने नव्याने समान आखण्याची संधी सीझरने दवडली, असे म्हणता येईल. मला मात्र त्याचा हा सावधपणा शहाणपणाचा वाटतो, कारण लोकांचे सण जागचे हलवणारी सुधारणा टिकणे अवघडच होते.

मार्चपासूनच्या वर्षाचा उपयोग आजही होतो. लीप वर्षाचा दिवस वर्षाच्या मध्येच, फेब्रुवारीत येतो, कारण जुनी जुळवाजुळव तिथेच होत असे. दिलेल्या तारखेचा वार काढण्याच्या झेलरच्या सूत्रात जानेवारी व फेब्रुवारी हे मागील वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना मानतात, म्हणजे तो अडचणीचा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि आकडेमोड सोपी होते.