मागे वळून पाहणारी लाइन

आमच्या तालुक्यात एक मोटार भरून देणारे मिस्त्री आहेत. मोटार भरणे म्हणजे जळालेली तार काढून नवी वेटोळी घालणे, हे गावाकडच्यांना सांगायला नको. माझं दुकान त्यांच्या दुकानाच्या समोर. फ्लेक्स, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हल्ली स्टेटसची चित्रंही. गेल्या रब्बीत ते मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, मले बी असलं एक बनवून दे. लोकं हासतेत अन् पुढं पाठवतेत."

मोबाइलवर तो जगप्रसिद्ध फोटो होता. रस्त्याने सोबतिणीचा हात धरून चाललेला तरुण, मागे वळून लाल कपड्यातल्या दुसऱ्याच मुलीकडे पाहतोय, आणि सोबतीण डोळे वटारून त्याच्याकडे. तिघांवर तीन नावं टाकायची की झालं मीम.

मी वीस मिनिटांत करून दिलं. तरुणावर 'शेतकरी', सोबतिणीवर 'दुसरे मिस्त्री', लाल कपड्यातलीवर यांच्या दुकानाचं नाव. खाली फ्लेक्सवर टाकतो तशी पट्टी: मिस्त्रींचा गोल फोटो, दोन मोबाइल नंबर, 'आमचे येथे सर्व प्रकारच्या मोटारी' वगैरे. चूक पूर्णपणे माझी, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुपारपर्यंत एका जुन्या गिऱ्हाइकाचा मिस्त्रींना फोन. "मंजे आमी धोकेबाज आहो का मिस्त्री?" हसतच विचारलं त्यांनी, पण विचारलं. संध्याकाळी दुसरी गोष्ट लक्षात आली, ती जास्त अवघड होती. शहरात 'दुसरे मिस्त्री' म्हणजे कोणी नसतं. आमच्या गावात मोटार भरणारे दोनच. दुसरे म्हणजे यांचे उस्ताद, ज्यांच्याकडे यांनी सहा वर्षं काम शिकलं. डोळे वटारणाऱ्या सोबतिणीच्या चेहऱ्यावर आम्ही एका म्हाताऱ्या माणसाचं नाव न लिहिता लिहिलं होतं, आणि ते अख्ख्या बाजाराने वाचलं. स्टेटस काढून टाकलं. पण चोवीस तासांत ते आपोआप जाईल या भरवशावर राहण्यात अर्थ नसतोच, लोकांनी स्क्रीनशॉट आधीच काढलेले असतात.

आता या मीममधली खोच. यात प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ आहे. वळून पाहणारा बेइमान, सोबतीण ही त्याने खरं तर जपायला हवी अशी गोष्ट, आणि लाल कपड्यातली म्हणजे नको तो मोह. दुकानदाराला वाटतं, सगळे जिच्याकडे पाहताहेत ती जागा माझी. पण तिथे बसलं की तुम्ही स्वतःलाच मोह म्हणता आणि गिऱ्हाइकाला बेइमान. ही चूक फक्त आपल्याकडचे लोक करतात असंही नाही. स्वीडनमधल्या एका इंटरनेट कंपनीने नोकरीच्या जाहिरातीत हेच चित्र वापरलं: तरुण म्हणजे 'तू', सोबतीण म्हणजे तुझी सध्याची नोकरी, लाल कपड्यातली म्हणजे आमची कंपनी. २०१८ मध्ये तिथल्या जाहिरात लोकपालाने ही जाहिरात बायकांना अदलाबदल करता येणाऱ्या वस्तूंसारखं दाखवते, असा ठपका ठेवला. मुळात तो फोटोही फुकटचा नाही. अँटोनियो गिलेम या स्पॅनिश फोटोग्राफरने तो २०१५ मध्ये विक्रीच्या साठ्यासाठी काढला, मीम म्हणून तो २०१७ मध्ये गाजला. आपण मित्रांत पाठवतो तोवर कोणी विचारत नाही, पण धंद्याच्या जाहिरातीत वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो.

मग मी पुढचे चार दिवस वेळ मिळेल तसा मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसलो. माझं ठाम मत तिथेच तयार झालं: चालू ट्रेंड पाहून त्यात दुकान कोंबायचं नाही. आधी काउंटरवर लोक रोज कोणतं एक वाक्य बोलतात ते ऐकायचं, आणि मग कोणत्या मीमच्या जागा त्या वाक्याला बसतात ते पाहायचं. बसत नसतील तर त्या आठवड्यात मीम करायचंच नाही. कोणी वाट पाहत नसतं.

तिथलं वाक्य दुसऱ्याच दिवशी सापडलं. गव्हाला पाणी सुरू होतं, टेबलावर विहिरीवरची पाच एचपीची मोटार उघडी पडली होती, दुकानात जळक्या वेटोळ्यांचा वास. मोटारवाला शेतकरी सांगत होता, "लाइन राती दोनले आली. मी त घरी झोपलो होतो, ऑटोवर होती." मिस्त्रींनी मला बोलावून आत दाखवलं. दोन फेजची वेटोळी काळी ठिक्कर, तिसरी अगदी कोरी. म्हणाले, हे पाहिलं की विचारावंच लागत नाही. स्टार जोडणीच्या मोटारीचा एक फेज गेला की असंच दिसते. तीन फेजपैकी एक नसला की मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते, आणि उरलेल्या दोन फेजमधून भलताच करंट ओढत राहते. माणूस तिथे असता तर आवाज ऐकून बंद केली असती. पण रातच्या दोनला शेतात जायचं नाही म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला, लाइन आली की तो आपोआप मोटार सुरू करतो. ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होते म्हणून कोणीतरी तिचा काटा चढवून ठेवलेला. मग जळायला काही मिनिटं पुरतात.

त्या चार दिवसांत जे जे आले, त्यातल्या बहुतेकांच्या बोलण्यात हेच होतं. लाइन राती आली. राग मोटारीवर नव्हता, मिस्त्रीवर नव्हता, लाइनवर होता.

आता तेच मीम पुन्हा पाहा. वळून पाहणारा बेइमान: थ्री फेज लाइन. डोळे वटारलेली सोबतीण: दिवसाची पाळी. लाल कपड्यातला मोह: रात्रीचे दोन. एकही शब्द ओढूनताणून नाही. गिऱ्हाइकाची टिंगल नाही, उस्तादांची नाही, आणि दुकान तर चित्रात कुठेच नाही. मला हेच सगळ्यात पटलं. दुकान विनोदात नसावं, दुकानाला माहीत असलेलं दुखणं विनोदात असावं.

परक्याचा फोटो घ्यायचा नव्हता, म्हणून आम्ही तो स्वतःच काढला. दुपारी चारला, दुकानासमोर. वळून पाहणारा म्हणून मिस्त्रींचा भाचा. दिवसाची पाळी म्हणून हाताखालचा पोरगा, डोक्याला दुपट्टा, हातात फावडं, चेहरा असा की खरंच ओलीत राहिलंय. रात्रीचे दोन म्हणून एक मित्र, काळा स्वेटर आणि हातात पेटवलेली बॅटरी. भाच्याला मान वळवायला सांगितली तर तो हसायचा. अकरा फोटो वाया गेले. बाराव्यात मागून एक ट्रॅक्टर आला, त्याने खरंच वळून पाहिलं, आणि तोच फोटो घेतला.

पट्टी यावेळी टाकली नाही. मिस्त्रींना ते पटत नव्हतं, नंबर नाही तर फायदा काय. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: नंबर नुसता सोबतच्या मजकुरात लिहिला तर चित्र पुढे जाताना तो मागे राहू शकतो. पण चित्राखाली गोल फोटो आणि दोन नंबर आले की पाहणाऱ्याचा अंगठा जाहिरात म्हणून पुढे सरकतो, विनोद वाचतच नाही. तोडगा साधा निघाला. तिघांना असं उभं केलं की मागे दुकानाची पाटी पूर्ण दिसेल, नंबरासकट. पाटी ही त्या जागेची वस्तू आहे, ती कोणाला खटकत नाही.

अक्षरांबद्दल फक्त एवढंच की नावं दोन-तीन शब्दांचीच ठेवली, जाड अक्षरात, आणि मोबाइल हातभर लांब धरून वाचता येतात का ते पाहिलं. आमच्या धंद्यातल्यांसाठी एक जादाची सूचना: कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर सरळ मोबाइलच्या ॲपमध्ये चिकटवू नका, तिकडे भलतीच अक्षरं उमटतात. युनिकोडमध्येच टाइप करा.

मग समोरच्या चहावाल्या काकांना चित्र दाखवलं. त्यांनी मूळ फोटो आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांनी वाचलं, "थ्री फेज लाइन... रात्रीचे दोन..." आणि हसले. ही परीक्षा मी आता कधीच सोडत नाही. ज्याला मूळ मीम माहीत नाही तोही हसला पाहिजे, कारण मोटार भरायला येणारा बहुतेक माणूस पन्नाशीचा आहे आणि त्याला ट्रेंडशी घेणंदेणं नाही. म्हणूनच कालपरवा इन्स्टाग्रामवर आलेला प्रकार मी अशा दुकानासाठी घेत नाही. लोकांच्या नजरेला सरावलेला जुना प्रकार चालतो, शिळा म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

सोबत दोनच ओळी लिहिल्या: 'एक फेज गेला तर ऑटोवरची मोटार जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावून घ्या.' प्रिव्हेंटर फेज तुटल्याचं ओळखून स्टार्टर सोडवतो. मोटार जळाली नाही तर मिस्त्रींचं भरण्याचं काम कमी होणार, हे मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "सीझनमधी मले झोपाले तरी भेटंल."

चित्र तयार झालं आणि त्याच संध्याकाळी बातमी आली, शेजारच्या गावात रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला साप चावला. रात्रीच्या पाण्यावरचा विनोद त्या आठवड्यात टाकणं शक्यच नव्हतं. माणूस वाचला, तरीही आम्ही थांबलो. पुढची रात्रपाळी लागली तेव्हा सोमवारी रात्री नऊला टाकलं, म्हणजे लोक जेवून, बॅटरी चार्ज करून लाइनची वाट पाहत मोबाइल घेऊन बसलेले असतात तेव्हा. दिवसपाळीच्या आठवड्यात हे चित्र निम्मंही चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते मलाच तीन वेगवेगळ्या गावांच्या ग्रुपवरून परत आलं. एका ग्रुपवर कोणीतरी रात्रीचे दोन खोडून तिथे आपल्या गावाची खरी वेळ लिहिली होती, पावणेतीन. त्या महिन्यात मिस्त्रींनी नऊ प्रिव्हेंटर लावले. आधी महिन्याला एखाददुसरा जायचा. सगळं श्रेय चित्राचं आहे असं मी म्हणणार नाही, त्याच दिवसांत दोन डीप्यांवर फेजही सारखे जात होते.

आठवड्याने उस्ताद स्वतः दुकानात आले. मिस्त्री उठून उभे राहिले, मीही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या मोबाइलवर चित्र मोठं करून कोपऱ्यातून कोपऱ्यात पाहिलं आणि पाटीखालच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे दुकानातला टेस्टिंगचा स्टार्टर होता.

"पोट्टे बराबर उभे केले बे. पन झाकन उघडं ठेवून कोनी स्टार्टरचा फोटो काढते का?"