हा बाण कुठून आला?

प्रबंधातली सैद्धांतिक चौकट वेगळी आणि संकल्पनात्मक चौकट वेगळी, या माझ्या म्हणण्यावर आलेली प्रतिक्रिया: "सर, थिअरेटिकल आणि कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क वेगळे, हा निव्वळ शब्दांचा कीस आहे. दोन्हींत चौकोन आणि बाणच असतात. माझ्या गाइडनी एकच आकृती काढायला लावली आणि सिनॉप्सिस पासही झाला. पोरांना उगाच घाबरवू नका."

सिनॉप्सिस माझाही पहिल्या फटक्यात पास झाला होता. अडकलो तो व्हायव्हाला. विषय होता, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार मोबाइलवर आलेला रोगाचा अंदाज पाहून फवारणी पुढे ढकलतात का. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या आकृतीतल्या 'निर्यात' या चौकोनावर पेन्सिल टेकवली. "हा बाण कुठून आला?" मी ठोकून दिलं, "आयझेनच्या सिद्धांतातून." "आयझेन द्राक्षं निर्यात करायचे का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन प्रकरण दोन पुन्हा लिहिलं.

मानसशास्त्रज्ञ आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत त्यांच्या 1991 च्या लेखामुळे आपल्याकडच्या प्रबंधांतही पोचला आहे. त्याचं म्हणणं असं, की माणूस एखादी गोष्ट करेल का हे मुख्यतः त्याच्या इराद्यावर ठरतं, आणि इरादा तीन गोष्टींतून घडतो: त्या कृतीबद्दलचं त्याचं मत, जवळच्या माणसांचं दडपण आणि 'हे मला जमेल' ही भावना. यात द्राक्ष नाही, निफाड नाही. बाण का काढायचा याचं कारण तेवढं आहे. सैद्धांतिक चौकटीत हे कारण मांडायचं आणि हाच सिद्धांत का घेतला तेही सांगायचं. मला रॉजर्सचा नवप्रसाराचा सिद्धांतही घेता आला असता. पण नवी गोष्ट लोकांत कशी पसरते, हा त्याचा प्रश्न. माझ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप आधीपासून होतं. अंदाज वाचूनही ते फवारत का होते, हा माझा प्रश्न होता.

आता 'जवळच्या माणसांचं दडपण' निफाडला नेऊन बघा. जवळची माणसं म्हणजे नेमकी कोण? ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलंय, ॲप म्हणतंय डाऊनी रोगाचा धोका नाही, थांबा. आणि पहाटे पाचला बांधापलीकडे शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. ओट्यावरून वडील विचारतात, "आपलं काय?" शिवाय पैसे घेऊन प्लॉट बघायला येणारा कन्सल्टंट आहेच. सिद्धांतातल्या एका चौकोनाचे इथे तीन झाले, आणि प्रश्नावलीत तिघांसाठी वेगळे प्रश्न आले. 'जमेल' याचा अर्थही इथे ठरवावा लागला: उद्या रोग दिसलाच तर एका दिवसात सगळा प्लॉट फवारून होईल का, ब्लोअर घरचा की भाड्याचा? हे सगळं काम संकल्पनात्मक चौकटीचं. माझ्या अभ्यासात काय मोजणार आणि कशाचा कशाशी संबंध तपासणार, हे ती सांगते.

'निर्यात' हा चौकोन मात्र आयझेनचा नव्हताच. पहिल्या फेरीच्या मुलाखतींत निर्यातीचे बागायतदार सारखे रेसिड्यूबद्दल, म्हणजे द्राक्षांत उरणाऱ्या औषधाच्या अंशाबद्दल, बोलत होते, म्हणून मी तो घातला. घालण्यात चूक नव्हती; त्याचं पितृत्व आयझेनच्या गळ्यात मारलं, ती चूक. गंमत म्हणजे आयझेन स्वतः नव्या घटकाला मनाई करत नाहीत. मूळचे तीन घटक हिशेबात घेतल्यावरही नवा घटक इराद्यातला किंवा वर्तनातला फरक लक्षणीय प्रमाणात जास्त समजावत असेल, तर घ्या, असं त्या लेखातच आहे. म्हणजे रिग्रेशनमध्ये आधी ते तिघं घालायचे, मग निर्यात, आणि R², म्हणजे समजावलेल्या फरकाचं प्रमाण, किती वाढतो ते बघायचं. वाढलाच नाही, तर निर्यात कदाचित शेतकऱ्याचं मत बदलूनच काम करत असते; मग तिचा बाण इराद्याकडे थेट न जाता 'मत' या चौकोनाकडे जायला हवा. दोन चौकटी एकच मानल्यामुळे ही शंका मला सुचलीच नाही.

पाचव्या प्रकरणातही हाच घोळ होतो. समजा, 'थांबेन' म्हणणाऱ्यानेच दुसऱ्या दिवशी फवारलं. सिद्धांत चुकला की माझं मोजमाप? आयझेन म्हणतात, जमण्याची भावना प्रत्यक्ष ताब्याशी जुळत असेल तेवढीच ती वर्तनाबद्दल थेट काही सांगते. भाड्याचा ब्लोअर फक्त आजच मिळणार असेल, तर माणूस आजच फवारणार. मी भावना विचारली होती, ब्लोअर कुणाचा हे मोजलं नव्हतं. दोष माझ्या संकल्पनात्मक चौकटीचा होता, सिद्धांताचा नाही.

तुमचं एक म्हणणं मान्य. पुस्तकांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि संशोधनपद्धतीवर लिहिणारे मॅक्सवेलसारखे लेखक सिद्धांतासकट सगळ्यालाच कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क म्हणतात. मुलाखतींतूनच सिद्धांत उभा करायचा असेल, तर आधी सैद्धांतिक चौकट बांधायचा आग्रहही नको. आणि आकृती एकच असायलाही माझी हरकत नाही. फक्त गाइडकडे जाण्याआधी प्रत्येक बाणाजवळ पेन्सिलने लिहा: सिद्धांतातून, आधीच्या अभ्यासातून, की मुलाखतीतून. ज्या बाणाजवळ काहीच लिहिता येणार नाही, परीक्षकांची पेन्सिल नेमकी तिथेच टेकते.