मिनिट्समधला एक शब्द आणि अडकलेलं इनव्हॉइस

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात काम संपत नाही. ते कम्प्लीट होतं, कन्क्लूड होतं, रॅप अप होतं, फायनलाइज होतं, क्लोज होतं, आणि एवढं सगळं होऊन सोमवारच्या कॉलला परत अजेंड्यावर पहिल्या नंबरला असतं. मला हे इतकं तपशिलात माहितीये कारण मीटिंगचे मिनिट्स मी लिहिते. बिझनेस अ‍ॅनालिस्ट असलं की मिनिट्स आपल्याकडेच येतात, का ते विचारायचं नसतं. मीटिंग सुरू झाली की सगळे लॅपटॉपमध्ये मान घालतात आणि जो वर बघेल त्याच्या गळ्यात पडतं, आणि मला वर बघावंच लागतं कारण अजेंडा स्क्रीनवर मीच लावलेला असतो.

सुरुवात डेव्हलपरपासून होते. त्याला विचारलं झालं का, तर तो म्हणतो "माझ्याकडून झालंय". या "माझ्याकडून"मध्ये सगळी गंमत आहे बरं का. म्हणजे कोड लिहून झालाय, त्याच्या मशीनवर चालतोय, आता तुमचं नशीब. तो तिकीट `Resolved` करून चहाला जातो, मग टेस्टिंगवाली ते तपासते आणि पटलं तरच `Closed` करते, नाहीतर `Reopened`. या दोन शब्दांच्या मध्ये कधीकधी आख्खा आठवडा जातो. पण मॅनेजर लोकांना दोन्ही सारखेच दिसतात, डॅशबोर्डवर दोन्हीला हिरवा रंग दिलाय ना. बेल लॅब्समधल्या टॉम कारगिलचा एक चिमटा १९८५ पासून आमच्या धंद्यात फिरतोय, की पहिला ९० टक्के कोड लिहायला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना उरलेला ९० टक्के. आमच्याकडे हे कोणी विनोद म्हणून सांगत नाही, प्लॅनिंग असंच करतात.

फायनलाइज हा आपल्या लोकांचा लाडका शब्द. तारीख फायनलाइज करा, स्कोप फायनलाइज करा, टेस्टिंग फायनलाइज करा, एकदा तर कोणीतरी "बग फायनलाइज करू" म्हणालं आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही. खरं म्हणजे फायनलाइज होतो तो कागद, नाहीतर तारीख, नाहीतर यादी, जिचा मसुदा असतो आणि ज्यात यापुढे बदल नाही असं कोणीतरी म्हणायचं असतं. टेस्टिंगचा मसुदा नसतो, टेस्टिंग करायचं असतं. आणि कागदाच्या बाबतीतसुद्धा नुसतं फायनलाइज्ड लिहून काही होत नाही, कारण कोणी केलं ते त्यात येत नाही. शिस्तीतली पद्धत अशी की मसुद्याला ०.१, ०.२ असे नंबर द्यायचे, क्लायंटची सही आली की १.० करायचं, आणि त्यानंतर कोणाला स्वल्पविराम जरी हलवायचा असला तरी चेंज रिक्वेस्ट भरायची. आमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये मात्र `BRD_Final_v2_FINAL_reviewed.docx` आहे, त्याच्या शेजारी `BRD_Final_v2_FINAL_reviewed_use_this.docx` आहे, आणि सही झालेली फाइल तिसरीच आहे, ती कोणाच्यातरी मेलमध्ये.

रॅप अपबद्दल फार बोलत नाही. क्लायंटचा मॅनेजर लंडनहून दर शुक्रवारी म्हणतो हे रॅप अप करूया, त्यावर आमच्याकडचे निम्मे लोक समजतात कॉल संपला आणि निम्मे समजतात की आज रात्री थांबायचंय. मी तो शब्द मिनिट्समध्ये घेणं बंदच केलंय. कोण, काय, कधीपर्यंत, यातलं एकही त्यात नाही.

पण खरा दणका दिला तो कन्क्लूडने.

झालं असं की मार्चमध्ये आमची यूएटी होती, म्हणजे क्लायंटच्या माणसांनी स्वतः सिस्टिम चालवून बघायची आणि मग चालतंय असं लेखी द्यायचं. ४० टेस्ट स्क्रिप्ट ठरल्या होत्या, १४ मार्चला मुदत संपत होती. त्या दिवसापर्यंत ३७ चालवल्या, ३७ पास. उरलेल्या ३ पेमेंटच्या होत्या आणि त्या चालवायला बँकेचं टेस्ट अकाउंट लागतं, ते क्लायंटनेच मिळवून द्यायचं होतं, ते आलंच नाही. तर शेवटच्या कॉलला सगळ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं, आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी, म्हणजे पीएम सरांनी, मला चॅटवर लिहिलं "यूएटी कम्प्लीटेड असं टाक", मी म्हटलं सर ३ राहिल्यात ना, ते म्हणाले "अगं ते त्यांच्याकडून आहे, आपल्याकडून झालंय". म्हणजे हा आजार फक्त डेव्हलपरला होतो असं नाही. मी तसं टाकलं आणि खाली ३ स्क्रिप्टची वेगळी ओळ लिहून मिनिट्स पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी क्लायंटकडून मिनिट्स परत आले, सोबत "किरकोळ दुरुस्त्या" अशी गोड ओळ. ट्रॅक चेंजेस लावून बघितलं तर अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये एकच शब्द बदललेला. कम्प्लीटेडवर लाल रेघ आणि शेजारी कन्क्लुडेड. सर म्हणाले त्यांचं इंग्लिश चांगलंय, असू दे, अ‍ॅक्सेप्ट कर.

मी अ‍ॅक्सेप्ट न करता आधी फायनान्समध्ये गेले, कारण इनव्हॉइस तिथून निघणार होतं. फायनान्समधल्या मॅडम सदाशिव पेठेतल्या, वीस रुपयाच्या रिक्षाच्या पावतीवरही प्रश्न विचारतात. त्यांनी काँट्रॅक्ट काढलं, चष्मा लावला, आणि कलम माझ्यासमोर सरकवलं. ३० टक्के रक्कम यूएटी यशस्वीरीत्या कम्प्लीट झाल्यावर. त्याच्याच खाली, कम्प्लीशनची नोटीस गेल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत क्लायंटने लेखी नकार दिला नाही तर सिस्टिम स्वीकारली असं मानलं जाईल. आणि स्वीकारल्याच्या तारखेपासून ९० दिवस वॉरंटी, म्हणजे तेवढे दिवस निघालेले बग आम्ही फुकट दुरुस्त करायचे.

आता बघा, लंडनच्या त्या गोड माणसाने एका शब्दात काय काय केलं. कम्प्लीटेड राहिलं असतं आणि त्याने मान्य केलं असतं तर आम्ही त्याच मिनिट्सला नोटीस म्हणून पुढे केलं असतं, १० दिवसांचं घड्याळ सुरू झालं असतं, आमचे ३० टक्के पिकले असते, आणि त्याची वॉरंटी धावायला लागली असती, तीसुद्धा पेमेंटचा भाग एकदाही चालवून न बघता. ९० दिवसांतले ४० जर बँकेचं अकाउंट यायची वाट बघण्यात गेले तर त्याला पेमेंटसाठी ५०च दिवस उरणार. कन्क्लुडेड लिहिल्यामुळे यातलं काहीच झालं नाही. यूएटीची मुदत संपली, लोक उठून घरी गेले, एवढंच रेकॉर्डवर राहिलं.

मॅडमना हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं तर त्यांनीच मला समजावलं. "हे बघ, लग्नाची बोलणी संपली म्हणजे जमलं असं नाही. बोलणी मोडूनही संपतात. याद्या झाल्या म्हणजे फायनलाइज. लग्न लागलं म्हणजे कम्प्लीट. कार्यालय रिकामं करून भांडी मोजून दिली म्हणजे तुमचं ते रॅप अप. तू मला बोलणी संपल्याचं पत्र आणून दिलंयस आणि म्हणतेस आहेराचं पाकीट कुठंय." त्या एवढं बोलल्या आणि परत पावत्या बघायला लागल्या.

मी पीएम सरांना हेच जसंच्या तसं सांगितलं, मॅडमचं नाव न घेता, तर सर आधी चिडले आणि मग म्हणाले की आपण परत कम्प्लीटेड करून पाठवू. म्हणजे त्यांनी कन्क्लुडेड करायचं, आपण कम्प्लीटेड करायचं, असं उन्हाळा संपेपर्यंत. आणि मुळात आमची बाजू तरी कुठे स्वच्छ होती, कलमात यशस्वीरीत्या लिहिलंय, ४० पैकी ३ चालवल्याच नाहीत, ते कोणामुळे राहिलं हा वेगळा मुद्दा पण राहिलं तर राहिलं. वकिलापर्यंत गेलं असतं तर त्या एका शब्दावर दोन्हीकडच्यांनी तासाचे पैसे लावून बोलणी केली असती.

शेवटी आम्ही त्या ओळीतून संपलं या अर्थाचे सगळेच शब्द काढून टाकले. नवीन ओळ अशी गेली की १४ मार्चपर्यंत ४० पैकी ३७ स्क्रिप्ट चालवल्या, ३७ पास, गंभीर दोष एकही उघडा नाही, पेमेंटच्या ३ स्क्रिप्ट बँकेचं टेस्ट अकाउंट न मिळाल्यामुळे बाकी, ते देण्याची जबाबदारी क्लायंटची, तारीख ३१ मार्च. यात एकही शब्द असा नाही की ज्यावर कोणी लाल रेघ मारेल, मारायचीच तर आकड्यावर मारावी लागेल, आणि आकड्यावर रेघ मारायला पुरावा लागतो. सर म्हणाले हे फार कोरडं वाटतंय. मी म्हटलं सर मिनिट्स आहेत, अभंग नाहीत.

त्या ओळीवर क्लायंटने एक अक्षर बदललं नाही. उलट त्यानेच सुचवलं की सशर्त स्वीकार करूया, म्हणजे ३० पैकी २५ टक्के आत्ता द्यायचे, ५ टक्के त्या ३ स्क्रिप्ट पास झाल्यावर, आणि पेमेंटच्या भागाची वॉरंटी त्या दिवसापासून वेगळी मोजायची. ही पद्धत काही नवीन नाही, पुष्कळ काँट्रॅक्टमध्ये असते. फक्त तिच्यापर्यंत पोचायला काय बाकी आहे ते नेमकं लिहिलेलं लागतं, आणि कम्प्लीटेड किंवा कन्क्लुडेड लिहिलं की नेमकं तेच झाकलं जातं.

बँकेचं अकाउंट ३१ मार्चला आलं नाही, ते एप्रिलमध्ये कधीतरी आलं, इयर एंडला कुठली बँक कोणाला अकाउंट देते. पण तोपर्यंत २५ टक्के जमा झाले होते. मॅडमनी मला स्वतःहून फोन करून सांगितलं, हे फायनान्सच्या इतिहासात बसत नाही, आणि लगेच पुढे विचारलं की ५ टक्क्यांचं इनव्हॉइस कुठल्या तारखेला काढू.

सर सोमवारच्या कॉलला खूश होते. म्हणाले, "पेमेंट इश्यू रॅप्ड अप असं टाक." मी वर बघितलं, मान हलवली, आणि लिहिलं: ५ टक्के बाकी, ३ स्क्रिप्ट, मालक क्लायंट.