कांद्यावरची काळी पूड म्हणजे ‘काळी बुरशी’ नव्हे

“फोटो नीट बघा. कांद्यावर अशी काळी पूड दिसली की तो कांदा विषारी. म्युकरमायकोसिसची काळी बुरशी हीच. सगळे कांदे फेकून द्या आणि नवे आणलेले धुऊन फ्रिजमध्ये ठेवा.”

२०२१ च्या मे महिन्यात पसरलेला हा दावा अजूनही अधूनमधून फिरतो. कांद्यावरची काळी पूड बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीची असते. म्युकरमायकोसिस होतो तो म्युकरेल्स गटातल्या बुरश्यांमुळे, उदाहरणार्थ ऱ्हायझोपसमुळे. त्या आजारातला काळेपणा रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींचा असतो, बुरशीच्या रंगाचा नव्हे. मात्र ज्यांना दमा किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी ही पूड कोरडी झटकू नये, ती नाकात जाते. वाहत्या पाण्याखाली साल काढावी.

आता फोटोवरून निवाडा करण्याबद्दल. फोटोत पूड कुठे आहे एवढे दिसते, आणि तेवढ्याचा उपयोग आहे. वाळक्या सालीवर किंवा तिच्या शिरांच्या रेषांवर असेल, तर ती साल आणि गरज पडल्यास खालचा एक पापुद्रा काढा, कांदा धुवा, पुढे वापरा. पण सड बहुतेकदा मानेतून, म्हणजे पातीकडच्या वरच्या टोकातून, आत उतरते, आणि बाहेरून कांदा लख्ख दिसतो. म्हणून अंगठ्याने मान दाबून पाहा. ती घट्ट आणि कोरडी हवी. दबली, ओलसर लागली किंवा आंबूस वास आला, तर उभा चिरा. मधला एखादा पापुद्रा पाणचट, तपकिरी निघाला तर तो कांदा टाका. काळेपणा आतल्या मांसल पापुद्र्यांत पोचला असेल तरी टाकाच. शेजारचे कांदे मात्र एकेक दाबून बघा. घट्ट असतील तर ढीग फेकण्याचे कारण नाही.

दाव्यातला सगळ्यात नुकसानीचा सल्ला शेवटचा आहे. धुतलेल्या कांद्याच्या सालीत आणि मानेत ओल राहते, आणि बुरशीला तीच हवी असते. घरच्या फ्रिजमधल्या दमट थंडीत कांदा मऊ पडतो, त्याला कोंब फुटतात. शीतगृहात तो टिकतो, कारण तिथे ० ते २ अंश तापमान असते आणि हवा कोरडी राखलेली असते. घरी जाळीच्या टोपलीत, एक-दोन थरांत, वारा लागेल आणि ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. कांदाचाळीला खालून आणि बाजूंनी फटी ठेवतात त्या याच वाऱ्यासाठी. प्लॅस्टिकची पिशवी नको. बटाट्यांची टोपली वेगळी ठेवा, बटाटे ओल सोडतात.

साठवायचा असेल तर उन्हाळ कांदा घ्या, तो चांगला सुकलेला असेल तर चार-पाच महिने जातो. खरीपातला लाल कांदा काही आठवड्यांतच संपवावा लागतो. चिरलेला कांदा तेवढा झाकणबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा.