ऋणातच राहणे पसंत करतो

डोंबिवलीतील आमच्या सोसायटीत आभारप्रदर्शन हे खाते गेली चौदा वर्षे माझ्याकडे आहे. गणेशोत्सवाच्या शेवटच्या रात्री श्रोते चपला शोधू लागलेले असतात, मंडपवाल्याची माणसे मागच्या रांगेतील खुर्च्या एकमेकींत घालू लागलेली असतात आणि अशा वेळी मी माईक हातात घेतो. मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत आणि वर्गणीदारांपासून ‘ज्ञात-अज्ञात सर्व हातां’पर्यंत कोणालाही न वगळता मी साडेचार मिनिटांत सर्वांचे आभार मानतो, आणि ‘आभार मानून त्यांच्या ऋणातून मुक्त होण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे मी पसंत करतो’ या वाक्यावर थांबतो. चौदा वर्षांत त्यांपैकी एकही धनको वसुलीला आलेला नाही, यावरून ते वाक्य कोणी ऐकत नसावे असा माझा अंदाज आहे.

असा हा अनुभवी मनुष्य मागच्या जुलैत एका तीन पुडांच्या डब्यापुढे हतबल झाला.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला सहा दिवस दवाखान्यात राहायचे होते. तिथल्या जेवणाच्या ताटाकडे तिने एकदाच पाहिले आणि आपण चातुर्मास धरल्याचे जाहीर केले. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती, आई पोटात काही घालायला तयार नव्हती, आणि नर्स माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की जणू आईला मीच तसे वळण लावले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, भर पावसात, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका स्कूटरवरून डबा घेऊन हजर झाले. ते पुढे रोज, घरी सोडेपर्यंत, आले.

त्या डब्याच्या प्रत्येक पुडावर झाकण होते आणि प्रत्येक झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. वरच्या पुडात दोन चमचे शिरा होता आणि त्यावर निळ्या पेनाने, काहीशा लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, ‘आधी हे. मग गोळी.’ मधल्या पुडात मऊ भात आणि मेतकूट होते, त्यावर ‘मग हे.’ खालच्या पुडात दुधीची भाजी होती, त्यावर ‘हे राहिले तरी चालेल.’ डॉक्टरांना, नर्सला आणि मला न जुमानणाऱ्या माझ्या आईने त्या झाकणांची आज्ञा मात्र शब्दशः पाळली. दुधी तिने चारही दिवस ठेवला.

याबद्दल मी काय केले? त्याच आठवड्यात एकदा मी लिफ्टमध्ये शिरत असताना काकू बाहेर पडत होत्या, आणि फोनवर विम्याच्या कागदांविषयी बोलता बोलता मी, “थँक्यू हं काकू, खूप मदत झाली,” असे म्हणालो. त्यातल्या ‘झाली’वर दरवाजा बंद झाला. घरी आल्यावर मी हे कर्तव्यपूर्तीच्या सुरात पत्नीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “याला आभार म्हणत नाहीत, याला पोच म्हणतात. कुरिअरवाल्याला देतो ती.”

डबा आपल्या पद्धतीप्रमाणे रिकामा परत द्यायचा नसल्याने त्यात नारळाच्या वड्या भरून एका रविवारी मी खाली गेलो. मराठी माणसाचे आभार समोरासमोर मानणे हे किल्ला सर करण्यासारखे असते, कारण त्याने चहूबाजूंनी बुरूज बांधून ठेवलेले असतात. पहिला बुरूज ‘त्यात काय एवढं’, दुसरा ‘आभार मानून परकं करतोस का’, आणि हे दोन्ही पडलेच तर बालेकिल्ला म्हणून ‘चहा घेणार ना?’ मी म्हणालो, “काकू, तुम्ही जे केलंत ते शब्दांत सांगता येणार नाही.” काकू म्हणाल्या, “मग नको सांगूस. चहा घेणार ना?” मी चहा घेतला. कप अर्धा झाल्यावर धीर करून काकांकडे वळलो आणि म्हणालो, “काका, तुमचे आमच्यावर फार उपकार आहेत.” काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला, चष्मा काढला आणि विचारले, “काय पाहिजे?” सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे मीही त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला मत देण्याचे आश्वासन दिले आणि मी उभा नसतानाही ते घेऊन वर आलो.

माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “मामा, तुझ्या या वाक्यांत काकू कुठे आहेत?” ‘खूप मदत झाली’ म्हणजे मला झाली, ‘उपकार आहेत’ म्हणजे माझ्यावर आहेत, ‘शब्दांत सांगता येणार नाही’ म्हणजे मला येणार नाही, असे तिने बोटांवर मोजून दाखवले. सारा अल्गो या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमके हेच तपासले होते म्हणे. जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. बोलणारा आपला किती फायदा झाला हे किती सांगतो, आणि समोरच्याने काय केले, त्यात त्याचे काय दिसले, हे किती सांगतो. ऐकणाऱ्याला बरे वाटण्याचा संबंध दुसऱ्या प्रकाराशी निघाला, पहिल्याशी नाही. आपल्याकडे हा भेद शब्दांतच पडलेला आहे हे मला तेव्हा प्रथम लक्षात आले. ‘धन्यवाद’ म्हणजे समोरच्याला धन्य म्हणणे, आणि ‘आभार’ यात जो भार आहे तो आपल्या डोक्यावरचा. चौदा वर्षे माईकवरून मी माझे ओझे लोकांना दाखवत होतो. (बोलताना आपण दोन्ही शब्द टाळून ‘थँक्यू’ म्हणतो, कारण त्यात कोण धन्य आणि कोण भारलेला हे ठरवावे लागत नाही.)

भाचीने मग मला कृती सांगितली, आणि ती एखाद्या पदार्थाच्या कृतीइतकीच नेमकी होती. एकच प्रसंग घ्यायचा, सगळे चार दिवस नाही. त्या माणसाने केलेली एक गोष्ट, जी त्याला करायची गरज नव्हती, ती नावानिशी सांगायची. तिच्यासाठी त्याला काय पडले हे आपल्याला दिसले असेल तर सांगायचे, आणि तिच्यामुळे पुढे काय घडले ते सांगायचे. तीन-चार वाक्ये पुरतात. त्याच दमात काही मागायचे नाही, काही द्यायचे नाही, आणि बोलून झाल्यावर गप्प बसायचे. ही शेवटची अट आभारप्रदर्शकाला किती जड जाते, याची तिला कल्पना नव्हती.

“पण मला नीट शब्द नाही सुचले तर?” असे मी विचारले. तर यावरही संशोधन तयार होते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रे लिहायला लावली आणि नंतर ती मिळालेल्यांना गाठून विचारले. लिहिणाऱ्यांना धास्ती होती आपल्या शब्दांची, आणि मिळालेल्यांचे लक्ष होते त्यातल्या आपुलकीकडे. समोरच्याला अवघडल्यासारखे होईल हा लिहिणाऱ्यांचा अंदाजही फार चढा निघाला. मी म्हणालो की ती पत्रे होती आणि पत्राला ‘चहा घेणार ना’ असे कोणी विचारत नाही. भाचीने हा आक्षेप मान्य केला.

प्रसंग निवडायचा तर पुरावा हवा, म्हणून मी वॉचमनकडे चौकशी केली. त्याच्याकडून कळले की एरवी नऊच्या आत खाली न उतरणारे काका त्या आठवड्यात सातला उतरत, स्कूटर चालू होईपर्यंत दहा-बारा किका मारत आणि डबा पावसात भिजू नये म्हणून रेनकोटच्या आत पोटाशी धरत. मग पुढच्या रविवारी मी पुन्हा खाली गेलो. या वेळी हातात काहीही नव्हते, त्यामुळे काकांनी दारातच संशयाने पाहिले. चहाचा प्रश्न येण्याआधीच मी उभ्या उभ्या सुरुवात केली.

“काकू, आईची गोळी उपाशी पोटी चालत नाही हे मी तुम्हांला सांगितलं नव्हतं. ते तुम्ही स्वतःहून ध्यानात घेतलंत, वरच्या पुडात मुद्दाम दोनच चमचे शिरा केलात आणि झाकणावर ‘आधी हे, मग गोळी’ असं लिहिलंत. आई रोज ते झाकण नर्सला वाचून दाखवायची आणि मगच उघडायची. त्यानंतर तिने एकदाही गोळी चुकवली नाही.”

मी गप्प बसलो. घड्याळाचा आवाज येऊ लागला. काकूंनी पदराचे टोक दोनदा सारखे केले, आणि माझ्या आयुष्यातील हे पहिले असे आभारप्रदर्शन होते की ज्यात श्रोत्यांपैकी कोणीही चपला शोधत नव्हते.

“शिरा मी नव्हता केला,” काकू म्हणाल्या. “ह्यांनी केला. भातही ह्यांनीच लावला. माझा उजवा हात मुरगळला होता ना.”

ठोकळेबाज आभारांचा मोठा गुण मला या क्षणी कळला. ते कधीही चुकत नाहीत. ‘ज्ञात-अज्ञात हातां’मध्ये कोणाचा हात होता आणि कोणाचा मुरगळला होता हे तपासावे लागत नाही. नेमके बोलणारा मनुष्य मात्र नेमका तोंडघशी पडतो.

“कधी मुरगळला?” मी विचारले.

“अरे, लिफ्टमध्ये भेटलास तेव्हा बांधलेलाच होता की. गळ्यात झोळी होती. तू फोनवर होतास.”

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. मी काकांकडे पाहिले. ते टीव्हीकडे पाहत होते आणि टीव्ही बंद होता.

“म्हणजे ते लिहिलेलंही काकांनीच...”

“छे, ह्यांना कुठलं सुचतंय! लिहिलं मी. डाव्या हाताने. रात्रीच लिहून ठेवायचे, पहिल्या दिवशी तीन पट्ट्या फुकट गेल्या.” काकू उठल्या. “वाचता आलं ना पण? बस, चहा टाकते.”

“थांब गं,” काका म्हणाले. “त्याला पुन्हा सुरुवात करू दे. शिऱ्याचं राहिलंय.”